टॅबलेट दुसरा स्क्रीन म्हणून वापरताना: उशीर कुठे होतो आणि किती चालतो

घरातला टॅबलेट वायरशिवाय लॅपटॉपला जोडून त्याचा दुसरा स्क्रीन करणं आता पाच-दहा मिनिटांचं काम आहे. विंडोजमध्ये त्याची सोय आहे, ॲपलने ती २०१९ पासून दिली आहे आणि ज्यांच्या टॅबमध्ये ती आयती नाही त्यांच्यासाठी स्पेसडेस्कसारखी ॲप आहेत. जोडणी बहुधा जमते. अडचण सुरू होते ती नंतर. माऊस हलवला की टॅबवरचा बाण किंचित मागून येतो, खिडकी ओढली की ती अडखळते, मधेच चित्र क्षणभर गोठतं. मग वैतागून माणूस ते बंद करतो आणि टॅब पुन्हा मुलांच्या हातात जातो. माझं म्हणणं असं की यात टॅबचा दोष क्वचितच असतो. हा उशीर नाहीसा करता येत नाही, पण तो नेमका कुठे होतो हे कळलं तर बराच आवरता येतो. आणि जो उरतो तो सगळ्याच कामांच्या आड येत नाही. टॅबवर काय ठेवायचं हे ठरवणं ॲप निवडण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

आधी उशिराचा हिशोब पाहू. साधा मॉनिटर केबलने जोडला की लॅपटॉपचं ग्राफिक्स तयार झालेलं चित्र थेट त्यात ओततं. वायरलेसमध्ये हे शक्य नाही, कारण चित्र फार जड असतं. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली तर दर सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट माहिती होते. घरगुती वाय-फाय सहसा इतकं वाहून नेऊ शकत नाही. म्हणून लॅपटॉप प्रत्येक चित्र आधी टिपतो, व्हिडिओसारखं दाबून लहान करतो, हवेतून पाठवतो. टॅब ते घेतो, उलगडतो आणि आपल्या काचेवर दाखवतो. यातल्या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दोन चित्रांत साधारण १७ मिलिसेकंदांचं अंतर. तेवढी वाट टिपताना पाहावी लागू शकते आणि तेवढीच टॅबच्या काचेवर येताना. दाबायला आणि उलगडायला यंत्राच्या कुवतीप्रमाणे आणखी काही मिलिसेकंद. सगळं धरून, वाय-फायचा वाटा मोजण्याआधीच, बऱ्यापैकी यंत्रांवरही ३० ते ६० मिलिसेकंद सहज जातात. हा भाग जवळजवळ ठरलेला असतो. लॅपटॉप जुना असेल आणि दाबण्याचं काम ग्राफिक्स चिपऐवजी मुख्य प्रोसेसरवर पडत असेल तर तो वाढतो, आणि ते टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसरच्या आकड्यावरून लगेच दिसतं.

खरा बिघाड होतो तो हवेत. वाय-फायवर एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. बाकीच्यांनी तोवर थांबायचं. लॅपटॉप आणि टॅब दोन्ही राउटरच्या वाय-फायवर असतील तर प्रत्येक चित्र आधी लॅपटॉपकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून टॅबकडे जातं, म्हणजे तोच माल त्याच हवेतून दोनदा. त्यात घरातले मोबाइल, टीव्ही आणि २.४ गिगाहर्ट्झवर तर शेजारच्या चार फ्लॅटचे राउटरही त्याच रांगेत उभे असतात. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि ब्लूटूथचा माऊस व स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह यांचीही लुडबुड तिथेच. त्यामुळे एखादं चित्र ५ मिलिसेकंदांत पोहोचतं आणि पुढचं १५०. सरासरी काढली तर ती छान दिसते. त्रास देतो तो मधला १५०. सारखाच राहणारा ८० मिलिसेकंदांचा उशीर हाताला काही वेळाने सवयीचा होतो. कधी २० तर कधी २०० असा उशीर कधीच सवयीचा होत नाही, कारण हाताला अंदाजच बांधता येत नाही.

ही ओढाताण बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. विंडोजच्या वायरलेस डिस्प्लेमध्ये जोडणी झाल्यावर तीन पद्धतींतून निवड करता येते: खेळासाठी, कामासाठी आणि व्हिडिओसाठी. व्हिडिओच्या पद्धतीत उशीर मुद्दाम वाढवला जातो. थोडी चित्रं आधीच साठवून ठेवली की मधे एखादं रेंगाळलं तरी पाहणाऱ्याला कळत नाही. खेळाच्या पद्धतीत साठा जवळजवळ ठेवलाच जात नाही. बाण चटकन हलतो, पण हवेतला प्रत्येक अडथळा स्क्रीनवर दिसतो. चित्र सलग हवं की ताजं हवं, यातलं एक निवडावं लागतं. दोन्ही हवं असेल तर हवेतला रस्ताच सुधारावा लागतो.

इथे हमखास येणारी शंका अशी: ‘आमच्याकडे २०० एमबीपीएसचा फायबर आहे, मग अडचण कसली?’ फायबरचा इथे काहीच संबंध नाही. लॅपटॉपचं चित्र इंटरनेटवर जातच नाही, ते घरातल्या घरात फिरतं. इंटरनेट बंद असलं तरी दुसरा स्क्रीन चालतो. प्लॅन वाढवून पैसे जातील, बाण मात्र तितकाच मागे राहील. शिवाय या कामाला फार वेगही लागत नाही. दाबलेलं चित्र बहुधा सेकंदाला १० ते ३० मेगाबिटमध्ये बसतं. प्रश्न रस्त्याच्या रुंदीचा नसून वाटेत किती वेळा थांबावं लागतं याचा आहे.

हे मोजून पाहता येतं, आणि काही बदलण्याआधी मोजलेलं बरं. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. टॅबच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता दिसतो; खालच्या दुसऱ्या ओळीत तो घाला.

```
netsh wlan show interfaces
ping -n 50 192.168.1.7
```

पहिली ओळ लॅपटॉप कोणत्या चॅनलवर आणि कोणत्या प्रकारच्या वाय-फायवर आहे ते सांगते. चॅनल १ ते १३ मधला असेल तर तुम्ही बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर आहात. ३६ किंवा त्यापुढचा असेल तर बहुधा ५ वर. दुसरी ओळ टॅबला पन्नास हाका मारते आणि शेवटी `Minimum`, `Maximum`, `Average` असे तीन आकडे देते. त्यातला `Maximum` बघा. सरासरी ८ आणि कमाल १८० असेल तर रोग सापडला. ही चाचणी मात्र दुसरा स्क्रीन चालू असतानाच घ्यायची. टॅब नुसता पडून असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी त्याचा वाय-फाय डुलक्या घेतो आणि आकडे विनाकारण वाईट येतात.

पिंगमधून फक्त हवेतला वेळ कळतो. पूर्ण उशीर मोजायचा असेल तर मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा पुरतो. विंडोजमध्ये `Win + P` दाबून `Duplicate` निवडा, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र येईल. नोटपॅडमध्ये अक्षरं भरपूर मोठी करा, लॅपटॉप आणि टॅब शेजारी ठेवा आणि दोन्ही चौकटीत येतील असं सेकंदाला २४० चित्रांचं शूटिंग सुरू करून सावकाश दहा अक्षरं टाइप करा. मग तो व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत पाहा आणि अक्षर लॅपटॉपवर उमटल्यापासून टॅबवर उमटेपर्यंत किती चित्रं गेली ते मोजा. एक चित्र म्हणजे ४.२ मिलिसेकंद. २० चित्रं गेली तर उशीर ८४ मिलिसेकंदांचा. दहाही अक्षरांचे आकडे जवळपास असतील तर उशीर स्थिर आहे. एक १५ आणि एक ६० असेल तर हवा खराब आहे आणि आधी तिचाच बंदोबस्त करायला हवा.

आता हा उशीर किती चालतो? कशाला, यावर ते अवलंबून आहे. वाचताना डोळा स्क्रीनवर फिरतो आणि स्क्रीन स्थिर असतो. पान ८० मिलिसेकंद उशिरा आलं तरी आल्यानंतर ते तिथेच असतं. माऊसने एखादं बटण पकडायचं असतं तेव्हा गोष्ट बदलते. हात हलतो, डोळा बाण पाहतो, त्यावरून हात सुधारतो, पुन्हा डोळा पाहतो. उशीर या चक्रात प्रत्येक फेरीला घुसतो, म्हणून त्याचा परिणाम एकदाच होऊन थांबत नाही. स्कॉट मॅकेन्झी आणि कॉलिन वेअर यांनी १९९३ मध्ये हे मोजलं. २२५ मिलिसेकंदांच्या उशिराने माऊस लक्ष्यापर्यंत न्यायला लागणारा वेळ ६४ टक्क्यांनी वाढला आणि चुका २१४ टक्क्यांनी वाढल्या. गर्दीच्या २.४ गिगाहर्ट्झवर दोनदा हवेतून जाणारा टॅब मधूनमधून या आकड्यापर्यंत सहज जातो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: जे पाहायचं ते टॅबवर, ज्याला हात लावायचा ते लॅपटॉपवर.

एक उदाहरण घेऊ. समजा एखादी हिशोबनीस घरून टॅलीमध्ये बँकेच्या नोंदी करते. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये आहे आणि टॅली लॅपटॉपवर. एकाच स्क्रीनवर दर नोंदीला दोनदा `Alt + Tab` करावं लागतं आणि रक्कम डोक्यात धरून ठेवावी लागते; तिथेच आकडे उलटसुलट होतात. हे काम टॅबसाठी उत्तम, कारण टॅली जवळजवळ पूर्ण कीबोर्डवर चालते आणि स्टेटमेंट फक्त वाचायचं असतं. तिच्याकडे सॅमसंगचा टॅब एस७ किंवा त्यानंतरचा एस मालिकेतला टॅब असेल तर वरची पट्टी खाली ओढून `Second Screen` चालू करायचं, लॅपटॉपवर `Win + K` दाबून टॅबचं नाव निवडायचं आणि मग `Win + P` मध्ये `Extend`. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टॅब खरोखर ज्या बाजूला ठेवला आहे त्याच बाजूला चौकोन सरकवायचा, नाहीतर बाण उलट्या दिशेने हरवतो. पीडीएफची खिडकी माऊसने ओढत न्यायची गरज नाही. `Win + Shift + →` दाबलं की ती थेट शेजारच्या स्क्रीनवर जाते. ओढण्यातच उशीर सगळ्यात जास्त बोचतो, म्हणून ही सवय लावून घ्यावी.

पुढची युक्ती या कामात फार उपयोगी पडते. विंडोज १० पासून बाण ज्या खिडकीवर असेल ती चाकाने सरकते, टाइप मात्र आधीच्याच खिडकीत होतं. तेव्हा बाण टॅबवरच्या स्टेटमेंटवर नेऊन तिथेच सोडायचा. हात कीबोर्डवर टॅलीत, आणि स्टेटमेंट पुढे न्यायचं असेल तेव्हा नुसतं चाक फिरवायचं. पीडीएफ सलग सरकवण्यापेक्षा एका वेळी एक पान दिसेल अशी ठेवावी. पान सलग सरकतं तेव्हा स्क्रीनवरचा जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलतो, दाबायचा माल एकदम वाढतो आणि उशीर नेमका त्याच वेळी फुगतो. मग चाक जास्त फिरतं आणि पान पुढे निघून जातं. एक पान एकदम बदललं तर तो भार एकदाच पडतो. अक्षराबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. व्हिडिओ दाबताना रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी ठेवली जाते, त्यामुळे लाल किंवा निळी बारीक अक्षरं पसरट दिसतात. देवनागरी मजकुरात अनुस्वार, रफार आणि पायमोडक्या अक्षरांचे बारीक शेपटे आधी पुसट होतात. स्केलिंग १५० टक्के करून काळी अक्षरं पांढऱ्यावर ठेवली की वाचन सुसह्य होतं. मुद्रितशोधन मात्र टॅबच्या अशा चित्रावर करू नये. त्यासाठी पीडीएफ सरळ टॅबवर कॉपी करून तिथल्याच ॲपमध्ये उघडावी. तसं तर हिशोबाचं स्टेटमेंटही असंच उघडता येईल, असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. फक्त मग पान बदलायला दरवेळी हात कीबोर्डवरून उचलून टॅबकडे न्यावा लागतो आणि रक्कम कॉपी करता येत नाही. दिवसाला दहा नोंदी असतील तर तेच करावं. दोनशे असतील तर दुसरा स्क्रीन.

हवेतला रस्ता सुधारायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लॅपटॉपला राउटरकडून लॅन केबल. स्पेसडेस्कसारखं ॲप घरच्या नेटवर्कवरून चालत असेल तर यामुळे दोन उड्यांपैकी एक उडी तारेत जाते आणि हवेत एकच उरते. पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, तेव्हा यूएसबीतून लॅनचा छोटा ॲडाप्टर घ्यावा लागतो. टॅब ५ गिगाहर्ट्झवर जोडावा. काही राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि टॅब गुपचूप २.४ वर बसतो, तेव्हा राउटरमध्ये दोन नावं वेगळी करावीत. ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून कमी जातो, म्हणून टॅब राउटरच्याच खोलीत असलेला बरा. विंडोजच्या `Win + K` वाल्या जोडणीत लॅपटॉप आणि टॅब बहुधा एकमेकांशी थेट बोलतात, मधे राउटर नसतो. तिथे लॅन केबल रस्ता छोटा करत नाही, पण लॅपटॉपचा वाय-फाय इंटरनेटच्या कामातून मोकळा करते, आणि तेही थोडं नाही. कारण लॅपटॉपमध्ये वाय-फायचा रेडिओ बहुधा एकच असतो. राउटरशी एका चॅनलवर आणि टॅबशी दुसऱ्या चॅनलवर बोलायचं असेल तर त्याला सारखं इकडून तिकडे जावं लागतं आणि प्रत्येक फेरीत चित्र थांबतं. लॅपटॉपचा मोबाइल हॉटस्पॉट लावून टॅब जोडणाऱ्यांना हाच अनुभव येतो. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवून इंटरनेट लॅनने घेतलं तर तो उत्तम चालतो. दोन्ही वाय-फायवर असतील तर राउटरपेक्षाही वाईट.

मॅक आणि आयपॅड वापरणाऱ्यांना यातलं फारसं करावं लागत नाही. ॲपलच्या साइडकारमध्ये दोन्ही यंत्रं एकाच ॲपल खात्यावर, वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू आणि १० मीटरच्या आत असली की ती थेट जोडली जातात. तिथेही चित्र दाबून हवेतूनच जातं, म्हणून वरच्या मर्यादा थोड्या मवाळ होतात, जात नाहीत. हॉस्टेल किंवा ऑफिसच्या वाय-फायवर स्पेसडेस्कला लॅपटॉप सापडतच नसेल तर उशिराचा विचार दूरच. तिथे बहुधा जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू न देण्याची व्यवस्था केलेली असते. घरी असं झालं तर विंडोजमध्ये ते नेटवर्क `Public` ऐवजी `Private` करून पाहावं.

‘नवा वाय-फाय ६ चा राउटर घेतला तर?’ हाही प्रश्न रास्त आहे. गर्दीच्या इमारतीत त्याने फरक पडतो, पण टॅबलाही वाय-फाय ६ कळत असेल तरच पुरेसा, आणि तोही फक्त हवेतल्या भागात. टिपणं, दाबणं, उलगडणं आणि काचेवर आणणं यांचा वाटा तसाच राहतो. वाय-फायवरून खेळ उत्तम चालतात, असा दाखला काही जण देतात. ते चालतात हे खरं. पण तिथे दाबण्याचं काम ग्राफिक्स चिप करते, साठा ठेवला जात नाही आणि खेळ चालवणारा संगणक राउटरला लॅनने जोडा असं आवर्जून सांगितलं जातं. हा दाखला मी वर मांडलेल्या मुद्द्याच्याच बाजूने जातो.

व्हिडिओ पाहायला टॅब वापरणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी असते. चित्र टॅबवर उशिरा येतं आणि आवाज लॅपटॉपमधून लगेच, त्यामुळे ओठांच्या आधी शब्द ऐकू येतात. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आवाज ४५ मिलिसेकंदांनी पुढे गेला तरी माणसाला ते जाणवतं. आवाज मागे पडल्याचं मात्र १२५ च्या आसपास जाणवतं. इथे आवाज पुढेच जातो, म्हणून ८० मिलिसेकंदांचा उशीरही बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर खटकतो. आवाज टॅबमधूनच वाजवला तर दोन्ही सोबत येतात. फाइल व्हीएलसीत चालवत असाल तर `K` दाबल्यावर आवाज ५० मिलिसेकंदांनी मागे ढकलला जातो. एक-दोनदा दाबून जुळवावं. व्हिडिओ कॉलची खिडकी टॅबवर ठेवायची हौस असेल तर समोरच्यांचे चेहरे तिथे, आणि म्यूटचं बटण हाताशी लॅपटॉपवर, असं करणं शहाणपणाचं.

टॅबवर पेनने चित्र काढण्यासाठी मात्र वायरलेस जोडणीचा नाद सोडावा. पेन सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने फिरलं तर १०० मिलिसेकंदांच्या उशिरात रेघ टोकापासून ३ सेंटिमीटर मागे राहते, आणि ती डोळ्यासमोर, पेनच्या खालीच मागे राहते. माऊसमध्ये हात एकीकडे आणि बाण दुसरीकडे असतो, त्यामुळे तूट थोडी लपते. पेनमध्ये लपत नाही. इथे यूएसबी केबल घ्यावी. साइडकार, स्पेसडेस्क आणि सुपरडिस्प्ले या तिन्ही गोष्टी केबलवर चालतात. दाबण्या-उलगडण्याचा उशीर केबलवरही राहतो, पण हवेतला बेभरवसा जातो. केबलने टॅब चार्जही होत राहतो, कारण सतत चित्र उलगडत राहिलेला टॅब बॅटरी भराभर संपवतो. जिथे लोडशेडिंग आहे तिथे याचा हिशोब आधीच करावा: वीज गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर राउटरमार्गे जोडलेला स्क्रीन त्याच क्षणी जातो आणि त्यावरच्या खिडक्या लॅपटॉपवर येऊन गोळा होतात. केबलने किंवा थेट जोडलेला स्क्रीन लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत चालू राहतो.